r'' ची दिशा म्हणजेच नॉर्मल ना? मग उत्तर का चुकलं?

अनघा_दे
लेक इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. काल रात्री एक गणित घेऊन आली. मी पंचवीस वर्षांपूर्वी हेच शिकले होते, त्यामुळे उत्साहाने बसले. दोघींनी वेगवेगळं सोडवलं, दोघींचं उत्तर एकच आलं, आणि दोघींचंही चूक!

गणित असं:

r(t) = (t, t², 2t³/3), t = 1 ला स्पर्शाची दिशा T, नॉर्मल N आणि वक्रता κ काढा.

T बरोबर आला. r' = (1, 2t, 2t²), म्हणजे t = 1 ला (1, 2, 2). लांबी ३, म्हणून T = (1/3, 2/3, 2/3). इथपर्यंत ठीक.

N साठी आम्ही पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं. r'' = (0, 2, 4t), म्हणजे (0, 2, 4), लांबी √20. म्हणून N = (0, 1, 2)/√5. मागे छापलेलं उत्तर (-2/3, -1/3, 2/3) आहे. त्यात x चा घटक ऋण कुठून आला? आमच्या r'' मध्ये तर x शून्य आहे.

वर्गात हेलिक्सचं उदाहरण झालं, (cos t, sin t, t). तिथे याच रीतीने अचूक उत्तर येतं, आम्ही पुन्हा करून पाहिलं. मग इथेच काय बिनसलं? छापील उत्तर चुकलं असेल का?

रिकामटेकडा
पंचवीस वर्षांनी दोघींचं उत्तर एकच आलं हेच खरं यश आहे. आमच्याकडे बाप-लेक भाजीच्या हिशोबातही दोन उत्तरं काढतात.

घाटवळण
ताई, एवढी समीकरणं कशाला? मी रेल्वेत रूळमार्गावर होतो, आता निवृत्त. वक्रता मोजायला आम्हाला २० मीटरची दोरी पुरायची. दोरीची दोन्ही टोकं रुळाच्या आतल्या कडेला धरायची आणि मधोमध दोरी आणि रूळ यांच्यात किती अंतर पडलं ते पट्टीने मोजायचं. त्याला वर्साईन म्हणतात. जीवेचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, एवढंच सूत्र. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ५७ मिलिमीटर येतात. त्रिज्या मीटरमध्ये घेऊन १७५० ला तिने भागलं की वळणाची डिग्री मिळते, म्हणून हे दोन डिग्रीचं वळण.

उत्तर चूक आहे की बरोबर ते दोरीला विचारा.

फिरस्ता_अणू
छापील उत्तर चुकलं असणार. r'' म्हणजे ॲक्सिलरेशन. वळणावर ॲक्सिलरेशन आतल्या बाजूला, केंद्राकडे असतं, बारावीच्या फिजिक्समध्येच आहे. नॉर्मलही केंद्राकडे. दोन्ही एकच. मी आयुष्यभर असंच करत आलोय.

स्पर्शरेषा
अनघाताई, छापील उत्तर बरोबर आहे. आणि अणू, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वेग एकसारखा असेल तर ॲक्सिलरेशन केंद्राकडे असतं. बारावीतला दगड दोरीला बांधून एकाच गतीने फिरत असतो. पण वळणावर गाडी असताना तुम्ही ॲक्सिलरेटरही दाबलात, तर पाठ सीटला टेकते की नाही? ते ॲक्सिलरेशन पुढच्या दिशेचं. म्हणजे r'' मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: गती वाढण्याचा भाग T च्या दिशेने, आणि दिशा बदलण्याचा भाग N च्या दिशेने. N ला फक्त दुसऱ्याशी मतलब आहे.

आधी एक साधी तपासणी करा, ती उत्तरपत्रिकेवरही दोन ओळींत होते. तुमचा N आणि T यांचा डॉट घ्या. (0, 1, 2) आणि (1, 2, 2) यांचा डॉट ६ येतो, शून्य नाही. दोघांमधला कोन जेमतेम २७ अंशांचा आहे. स्पर्शाशी काटकोन नसलेला नॉर्मल हा नॉर्मलच नव्हे. मागचं उत्तर न बघताही चूक इथेच कळली असती.

आता दुरुस्ती. r'' मध्ये T च्या दिशेचा भाग किती? r''·T = (0 + 4 + 8)/3 = 4. तेवढा वजा करायचा:

(0, 2, 4) − 4·(1/3, 2/3, 2/3) = (-4/3, -2/3, 4/3)

x चा ऋण घटक इथून आला, T चा भाग काढून टाकताना. उरलेल्याची लांबी २. तिने भागलं की (-2/3, -1/3, 2/3). हाच तुमचा छापील N.

κ साठीही हाच २ कामाला येतो. तो वेगाच्या वर्गाने भागायचा, म्हणजे २/९. त्या बिंदूजवळ वक्राला घट्ट चिकटणारं वर्तुळ ४.५ त्रिज्येचं.

अनघा_दे
स्पर्शरेषा, अगदी लख्ख! मग हेलिक्सला बरोबर का आलं?

स्पर्शरेषा
हेलिक्सला r' ची लांबी सगळीकडे √2. गती बदलतच नाही, म्हणून T च्या दिशेचा भाग शून्य, वजा करायला काही उरतच नाही. वर्गातलं पहिलं उदाहरण नेमकं असं असतं की चुकीची रीतही त्यात खपून जाते. मी शिकवताना आता हेलिक्स दुसऱ्या दिवशी घेतो.

पमी_१९
मी अनघा_देची लेक 🙂 आईने खातं उघडायला लावलं. मला अजून एक शंका आहे. आमच्या सरांनी N = T'/|T'| असं दिलंय. मी तसंही करून पाहिलं. T = (1, 2t, 2t²)/(1 + 2t²), भागाकाराचा नियम लावला, t = 1 ला T' = (-4/9, -2/9, 4/9). दिशा बरोबर येते, N जुळतो. पण |T'| = २/३ येतंय. κ तर २/९ आहे. सरांनी κ = |dT/ds| लिहिलं होतं. s म्हणजे नक्की काय आणि ते आणायचं कुठून?

स्पर्शरेषा
पमी, तुझं दोन्ही बरोबर आहे, शेवटी एकदा भागायचं तेवढं राहिलं. s म्हणजे वक्रावरून चालत गेलेलं अंतर. t म्हणजे घड्याळ समज. २/३ हे "सेकंदाला दिशा किती बदलते" याचं उत्तर आहे आणि κ विचारते "मीटरला किती बदलते". t = 1 ला तू सेकंदाला ३ मीटर जातेस, म्हणून २/३ भागिले ३.

हा भागाकार नसेल तर तोच रस्ता दुप्पट वेगाने पार करणाऱ्याला तो दुप्पट वाकडा दिसेल. वक्रता रस्त्याची असते, गाडीची नव्हे. s चं सूत्र शोधत बसायची गरज नाही, |r'| ने भागलं की झालं.

आणि एक गंमत. या गणितात 2/3 मुद्दाम घातलाय. (t, t², t³) घेतलं असतं तर |r'| = √(1 + 4t² + 9t⁴) आलं असतं, आणि T चा डेरिव्हेटिव्ह काढताना पान भरलं असतं. 2t³/3 घेतल्यामुळे आत पूर्ण वर्ग तयार होतो आणि 1 + 2t² बाहेर पडतो. परीक्षेत असा पूर्ण वर्ग नसेल, तर एका बिंदूसाठी T(t) चा डेरिव्हेटिव्ह काढूच नकोस. आधी t ची किंमत घाल, मग वरची वजाबाकी कर.

उलटा_कंस
κ = |r' × r''| / |r'|³ हे सूत्र कोणीच कसं लिहिलं नाही? (1, 2, 2) × (0, 2, 4) = (4, -4, 2), लांबी ६, भागिले २७, २/९. तीन ओळी. पेपरात वजाबाकीचं तत्त्वज्ञान कोण करत बसणार?

स्पर्शरेषा
κ साठी खुशाल वापरा. पण त्यातून N थेट हाती येत नाही. (4, -4, 2) ही दिशा T आणि N दोघांनाही काटकोनात आहे. मुलं तिलाच N म्हणून लिहून येतात आणि मग T शी डॉट शून्य आला म्हणून खूशही होतात. तिचा आणखी एकदा T शी क्रॉस घ्यावा लागतो, आणि तिथे क्रम उलटा झाला की N चं चिन्ह उलटतं.

उलटा_कंस
क्रम लक्षात ठेवायला कुणाचं काय जातं? माझं मत बदललेलं नाही.

लोखंडी
गणित बारावीनंतर सुटलं, पण धागा वाचून राहवलं नाही. माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी गोल जिन्याचं रेलिंग केलं. प्लॅनमध्ये रेलिंगच्या पाइपची त्रिज्या १ मीटर, पूर्ण एका फेऱ्यात ३ मीटर चढ. पाइप रोलिंगवर १ मीटर त्रिज्येचा वाकवून आणला. साइटवर वर ओढत लावायला गेलो तर पाइप आत आत येतोय, खांबांपर्यंत पोचतच नाही. दोन पोरं आणि मी दुपारभर झटलो. शेवटी पाइप वाया. वाकवणाऱ्याने चूक केली असं मी त्याला बोललो, पण त्याचा टेम्प्लेट बरोबर १ मीटरचाच होता. हे त्याच हेलिक्सचं प्रकरण आहे का?

स्पर्शरेषा
लोखंडी, तंतोतंत तेच! वाकवणाऱ्याची माफी मागा 🙂

तुमचं रेलिंग म्हणजे (a cos t, a sin t, bt). a = 1. एका फेऱ्यात t हा 2π ने वाढतो आणि चढ ३ मीटर, म्हणून b = 3/2π, अंदाजे ०.४७७. हेलिक्सची वक्रता a/(a² + b²). b² = ०.२२८, म्हणून κ = १/१.२२८, म्हणजे त्रिज्या सुमारे १.२३ मीटर. रोलिंगवाल्याला ती सांगायला हवी होती. वरून बघितलं की १ मीटरचं वर्तुळ दिसतं, पण पाइप तिरका चढतोय, त्यामुळे तेवढंच वळण घ्यायला त्याला जास्त लांबी मिळते. एका फेऱ्याला वरून ६.२८ मीटर दिसतात, पाइप लागतो ६.९६ मीटर. जास्त लांबीत तेवढंच वळण म्हणजे वक्रता कमी.

लोखंडी
म्हणजे २३ सेंटीमीटरचा फरक! आणि मी त्या बिचाऱ्याचे पैसे कापले. उद्याच फोन करतो.

घाटवळण
लोखंडी, आता तुम्हालाही दोरी लागणार. ६० सेंटीमीटरची जीवा घेतली तर १ मीटर त्रिज्येला मधलं अंतर ४६ मिलिमीटर येईल, १.२३ ला ३७. नऊ मिलिमीटरचा फरक साध्या पट्टीवर दिसतो. पाइप साइटवर न्यायच्या आधी बघून घ्यायचं.

पण स्पर्शरेषा, मला आता घोर लागलाय. आमचे घाटातले रूळही तिरके चढतात. भोर घाटात चढ ३७ ला १. आम्ही त्रिज्या प्लॅनवरूनच धरत आलो. मग आम्ही सगळे चुकत होतो का?

स्पर्शरेषा
काका, निश्चिंत राहा. चढ एकसारखा असेल तर प्लॅनमधली त्रिज्या (१ + चढाचा वर्ग) ने गुणायची. तुमचा चढ १/३७, त्याचा वर्ग १/१३६९. ८७५ मीटरच्या वळणाची खरी त्रिज्या ८७५.६४ मीटर. ५७ मिलिमीटरच्या वर्साईनमध्ये हा फरक ०.०४ मिलिमीटर, तुमच्या दोरीच्या जाडीतच हरवेल. लोखंडींच्या जिन्यात चढ जवळपास २ ला १ होता, म्हणून तिथे तो डोळ्यावर आला.

आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: पाइप तिरका असला तरी हेलिक्सचा N आडवा, थेट मधल्या खांबाकडे असतो. म्हणून लोखंडी, वर्साईनची पट्टी पाइपला काटकोनात पण आडवी धरा, वर-खाली झुकवू नका.

फिरस्ता_अणू
मान्य, माझा दगड दोरीला बांधलेला होता. पण एक शंका. प्लॅनमध्ये डावं वळण, उजवं वळण असतं. κ मात्र नेहमी धनच का? κ ऋण धरली तर चालत नाही का?

चक्रधर_क
अणू, या प्रश्नाने माझे तीन दिवस खाल्लेत. मी ॲनिमेशनमध्ये आहे. वक्राभोवती नळी गुंडाळायची होती, म्हणून प्रत्येक बिंदूवर T आणि N काढून त्यांना काटकोनात वर्तुळ ठेवत गेलो. S आकाराचं वळण आलं की मधोमध नळी एकदम १८० अंशांत उलटायची, वरचं डिझाइन पिळून निघायचं. मी कोडमध्ये बग शोधत बसलो. बग नव्हता. N खरोखरच उलटतो.

साधं उदाहरण (t, t³, t⁴). r'' = (0, 6t, 12t²). t शून्याच्या जरा आधी r'' हा -y कडे बघतो, जरा नंतर +y कडे, आणि बरोबर शून्यावर तो सगळाच शून्य. तिथे κ = 0 आणि N नावाची गोष्टच नाही. κ धन ठेवायचा हट्ट असल्यामुळे सगळी उलटापालट N च्या अंगावर येते. सपाट कागदावर डावा-उजवा ठरवून κ ला चिन्ह देता येतं. अवकाशात डावं म्हणजे कुठलं?

घाटवळण
हे तर आमचं रिव्हर्स कर्व्ह! आम्ही सरळ रुळावरून एकदम गोलाईत शिरत नाही, मध्ये ट्रान्झिशन घालतो. भारतीय रेल्वेत ते क्युबिक पॅराबोलाचं, y = x³/6RL. म्हणजे चक्रधरांचा t³ च. सुरुवातीच्या बिंदूला वळण शून्य, मग हळूहळू वाढत गोलाईच्या त्रिज्येपर्यंत. त्या बिंदूला नॉर्मल नसतो हे मला माहीत नव्हतं. गाडीला मात्र तिथे काही कळत नाही, प्रवासी चहा पितच असतो.

रिकामटेकडा
नॉर्मल नसलेल्या बिंदूवर चहा पिणारा प्रवासी. माझं प्रोफाइल लिहायची सोय झाली.

पमी_१९
मग चक्रधरदादा, नळी शेवटी कशी जमवलीत?

चक्रधर_क
N काढणंच सोडून दिलं. सुरुवातीला T ला काटकोनात कुठलीही एक दिशा U घेतली. पुढच्या बिंदूवर गेलो की जुन्या U मधून नव्या T च्या दिशेचा भाग वजा करायचा आणि लांबी १ करायची. पाहिलंस का, स्पर्शरेषांनी तुझ्या गणितात केली तीच वजाबाकी. बिंदू जवळजवळ घेतले की झालं.

```
U = U - dot(U, T) * T
U = U / norm(U)
```

वक्र सरळ झाला तरी U गोंधळत नाही, कारण तो वक्राला विचारतच नाही कुठे वळतोस म्हणून, फक्त शक्य तितका कमी फिरत पुढे जातो. अशा चौकटीवर रिचर्ड बिशप यांनी १९७५ साली लिहिलं होतं, ते मला फार उशिरा सापडलं. एक अडचण राहते. वक्र बांगडीसारखा बंद असेल, तर एक फेरी करून आल्यावर U सुरुवातीच्या U शी जुळेलच असं नाही. मी उरलेला कोन सगळ्या नळीवर थोडा थोडा वाटून टाकतो. डोळ्याला चालतं, पण मनाला पटत नाही.

उलटा_कंस
म्हणजे N निरुपयोगी? मग मुलांना शिकवायचा कशाला?

चक्रधर_क
निरुपयोगी कसा? लोखंडींना पट्टी कुठल्या दिशेला धरायची हे N नेच सांगितलं. नळीला ज्या दिशेची खात्री हवी होती ती तो देत नाही, इतकंच.

स्पर्शरेषा
मी तर म्हणेन, κ शून्य असेल तिथे N नाही असं स्पष्ट लिहून मोकळं व्हावं. काही जण तिथे लिमिटने N भरून घेतात. चक्रधरांच्या वक्रात तेही जमणार नाही, दोन्ही बाजूंची लिमिट उलट्या दिशेच्या येतात.

पमी_१९
मला एक सापडलं, बरोबर आहे का सांगा. आमच्याच गणितात t = 0 घातलं तर r' = (1, 0, 0) आणि r'' = (0, 2, 0). दोन्ही काटकोनात. म्हणजे तिथे आमची चुकीची रीत चालते! पण गती तर बदलतेय, 1 + 2t². मग स्पर्शरेषासरांचं "गती एकसारखी असेल तरच" हे कसं बसवायचं?

स्पर्शरेषा
शाब्बास, मला पकडलंस. "गती एकसारखी असेल तर" हे मी जरा जास्तच कडक बोललो. त्या क्षणी गती वाढत किंवा कमी होत नसावी, एवढंच पुरतं. 1 + 2t² चा डेरिव्हेटिव्ह 4t, तो t = 0 ला शून्य, कारण तिथे गती सगळ्यात कमी आहे. आणि t = 1 ला तो ४, म्हणजे आपण वजा केला तोच ४. आता t = -1 ला करून बघ, तिथे वजाबाकीची बेरीज होईल.

अनघा_दे
t = -1 ला (2/3, -1/3, -2/3) आलं, T शी डॉट शून्य, लांबी १, दोघींचं एकच. या वेळी मागे उत्तर छापलेलंच नाहीये, तरी झोपायला जातोय.

लोखंडी
वाकवणाऱ्याशी बोललो. पैसे परत देतोय. तो म्हणाला, गोल पाइपचं ठीक आहे, चौकोनी पाइपचं रेलिंग असेल तर १.२३ सांगूनही भागणार नाही, पाइप स्वतःभोवती पिळावाही लागतो. ते पिळणं किती, हे कशावरून काढायचं?

स्पर्शरेषा
ते टॉर्शन. तुमच्या जिन्यात b/(a² + b²), म्हणजे मीटरला ०.३९ रेडियन, सुमारे २२ अंश. रोलिंग मशीनवर ते कसं देतात हे मात्र तुमच्या वाकवणाऱ्यालाच विचारावं लागेल. त्यालाच इथे खातं उघडायला लावा.